बाबांचं इलेक्ट्रिकलचं दुकान बंद करताना: जीएसटी रद्द करायच्या नोंदी, मे ते सप्टेंबर २०२५

सातारा जिल्ह्यातल्या तालुक्याच्या गावात बाबांचं इलेक्ट्रिकल सामानाचं दुकान, वायर, स्विच, एलईडी, पंखे असला माल. नोंदणी बाबांच्याच नावावर, म्हणजे प्रोप्रायटरशिप. वर्षाला साधारण बावीस लाखांची विक्री, रिटर्न तिमाही. बाबा आता ७२ वर्षांचे झाले, गुडघ्याचं ऑपरेशन झालं, मी पुण्यात नोकरीला, त्यामुळे जूनअखेर दुकान बंद करायचं असं घरात ठरलं. मला वाटलेलं एक अर्ज टाकला की झालं, आठवडाभराचं काम. चार महिने लागले. त्यातले बरेच दिवस माझ्याच चुकांनी गेले म्हणून हे लिहून ठेवतोय.

१९ मे

पहिल्यांदाच पोर्टलवर बाबांचं लॉगिन स्वतः उघडलं. इतकी वर्षं सगळं गावातले टॅक्सवाले सर बघायचे, आम्ही बिलांची पिशवी नेऊन द्यायची, ते रिटर्न भरायचे, विषय संपला.

डॅशबोर्डवर काहीच थकीत नव्हतं, सगळी रिटर्न भरलेली, मस्त वाटलं. सहज म्हणून `Services > User Services > View Notices and Orders` बघितलं, तिथंही रिकामं. मग त्याच्याच खाली `View Additional Notices/Orders` असा वेगळा पर्याय दिसला, तो उघडला आणि तिथं १२ मार्चची ASMT-10, म्हणजे रिटर्नच्या तपासणीतली नोटीस, पडलेली. २०२१-२२ सालची स्क्रूटिनी, 3B ह्या आमच्या रिटर्नमध्ये घेतलेलं आयटीसी, म्हणजे खरेदीवर भरलेल्या टॅक्सची वजावट, सप्लायरांच्या रिटर्नवरून बनणाऱ्या 2A पेक्षा २३,४१८ रुपयांनी जास्त आहे, तीस दिवसांत खुलासा द्या. तीस दिवस कधीच उलटून गेलेले.

दोन्ही ठिकाणं बघा. एकाच ठिकाणी बघून 'काही नोटीस नाही' म्हणू नका, मी अर्धा तास तेच म्हणत होतो.

आता नोटीस आली तर मेसेज का नाही आला? कारण रजिस्टर केलेला मोबाईल आणि ईमेल दोन्ही सरांचे, २०१७ ला त्यांनीच नोंदणी करून दिली तेव्हापासूनचे. तो नंबर त्यांनी ऑफिसातल्या पोराला दिलेला आणि ते पोरगं दोन वर्षांपूर्वीच नोकरी सोडून गेलेलं.

२१-२३ मे

मोबाईल आणि ईमेल बदलले. `Amendment of Registration Non-Core Fields` मधून ऑथराइज्ड सिग्नेटरीची माहिती बदलायची, ह्याला अधिकाऱ्याची मंजुरी लागत नाही. पण बदलाच्या अर्जावर सही करायला ओटीपी जातो जुन्याच नंबरवर. म्हणजे त्या पोराला शोधणं आलं. सरांनी दोन दिवसांनी त्याचा पत्ता लावला, तो आता एका शोरूमला असतो, जेवणाच्या सुट्टीत त्यानं फोनवर ओटीपी सांगितला आणि त्यानंतर बाबांचा नंबर लागला.

हे काम रद्द करायच्या अर्जाआधीच उरका. पुढं प्रत्येक सहीला, प्रत्येक नोटीशीला हाच नंबर लागतो, आणि रजिस्ट्रेशन रद्द झाल्यावरही लॉगिन चालू राहतं, मेसेज त्यावरच येतात.

बाबांना सांगितलं, आता ओटीपी तुमच्या फोनवर येईल, फोन जवळ ठेवा. "येऊ दे की," म्हणाले आणि फोन चार्जिंगला लावून देवळात गेले.

२६ मे

सरांशी बोललो. माझा विचार असा होता की नोटीस राहू दे, आधी रद्दचा अर्ज टाकू, दुकानच नाही तर कसली नोटीस. सर म्हणाले, "रजिस्ट्रेशन रद्द झालं म्हणून मागचं देणं रद्द होत नाही, कायद्यात कलम २९(३) तेवढ्यासाठीच आहे. उलट खुलासा नाही आला तर ते पुढं DRC-01 ही मागणीची नोटीस काढणार, मग ऑर्डर, मग पेनल्टी. तोवर तुमच्या बिलांचं काय झालेलं असेल देव जाणे." बरोबरच होतं. उद्या दुकान रिकामं केलं की २०२१ ची बिलं कुठं शोधणार, आणि ज्यांच्याकडून पत्रं आणायची ते होलसेलर बाबांना ओळखतात तोवरच दाद देणार.

म्हणून क्रम ठरला: आधी नोटीस, मग स्टॉक, मग शेवटच्या तिमाहीचं रिटर्न, आणि त्यानंतर अर्ज.

तारीख पण तेव्हाच ठरवली, १ जुलैपासून रद्द. ह्याला कारण आहे. तिमाही रिटर्नवाल्यांचं रजिस्ट्रेशन तिमाहीच्या पहिल्या तारखेपासून रद्द झालं तर त्या तिमाहीचं रिटर्न लागत नाही, आधीच्या तिमाहीचं शेवटचं. पण मधली तारीख टाकली, समजा १० जुलै, तर जुलै-सप्टेंबरचं रिटर्न द्यावं लागतं आणि ते भरायला मिळतं ऑक्टोबरात. दहा दिवसांपायी तीन महिने लटकणं.

२८ मे - ४ जून

२३,४१८ चा फरक कुठून आला ते शोधलं. 2A ची एक्सेल डाउनलोड केली, बाबांचं खरेदी रजिस्टर समोर घेतलं आणि एकेक बिल टिक करत गेलो. दोन रात्री. शेवटी तीनच गोष्टी निघाल्या.

पहिली, मार्च २०२२ चं एक बिल, त्यातलं आयटीसी ११,१६०. होलसेलरनं ते एप्रिलच्या रिटर्नमध्ये दाखवलेलं, म्हणून पुढच्या वर्षात दिसत होतं. आपण ते एका तिमाहीआधी घेतलेलं, पण परत घेतलेलं नव्हतं.

दुसरी, ऑगस्ट २०२१ चं बिल, आयटीसी ७,०२०. सप्लायरनं आमचा नंबर न टाकता ते साध्या गिऱ्हाइकाच्या विक्रीत टाकून दिलेलं. टॅक्स भरलेला, पण आमच्या नावावर नाही.

तिसरी, ५,२३८. एकच बिल जुलै-सप्टेंबर २०२१ मध्ये दोनदा घेतलेलं, एकदा मूळ बिलावरून आणि एकदा त्याच्या झेरॉक्सवरून. ही आमचीच चूक, ह्याच्यावर बोलण्यासारखं काही नाही.

बेरीज बरोब्बर २३,४१८. बेरीज जुळेपर्यंत खुलासा लिहायला बसू नका, आधी मी दोनच कारणं धरून निम्मं पत्र लिहिलेलं, ते फाडावं लागलं.

५ जून

ऑफिसात जाऊन आलो. उशिराबद्दल दोन शब्द ऐकून घ्यायची तयारी ठेवलेली, पण अधिकाऱ्यांनी शांतपणे ऐकलं. DRC-01 अजून निघालेली नव्हती, म्हणाले पोर्टलवरूनच ASMT-11 मध्ये खुलासा टाका, कागद जोडा, मग बघतो.

ऑगस्टच्या बिलासाठी सरांनी २०२३ च्या जुलैमधलं सर्क्युलर १९३ काढून दिलं. डिसेंबर २०२१ पर्यंतच्या काळात बिल 2A मध्ये नसेल तर सप्लायरचं सर्टिफिकेट चालतं, फरक पाच लाखांच्या आत असेल तर सीएचं लागत नाही, सप्लायरचंच पुरतं. २०२१ सालासाठी मात्र त्यात पाच टक्क्यांची मर्यादा आहे, म्हणजे 2A मध्ये जेवढं आयटीसी दिसतं त्याच्या पाच टक्क्यांपर्यंतच असं जास्तीचं चालतं. आमचं एप्रिल ते डिसेंबरचं 2A मधलं आयटीसी दोन लाख शहाऐंशी हजारांच्या आसपास, त्याचे पाच टक्के चौदा हजारांवर जातात, ७,०२० आरामात बसले. हेच बिल जानेवारी २०२२ नंतरचं असतं तर हा रस्ता नव्हता, सरळ भरावे लागले असते.

सप्लायरनं लेटरहेडवर लिहून द्यायला नऊ दिवस लावले. मजकूर मीच टाइप करून पाठवला तेव्हा कुठं सही शिक्का मारून आला. पहिल्या दिवशीच पाठवायला हवा होता.

९ जून

पैसे भरले, आणि चूक केली.

हिशोब असा: दोनदा घेतलेले ५,२३८ परत. त्यावर १८ टक्क्यांनी व्याज, २२ ऑक्टोबर २०२१ ते आज, १३२६ दिवस, निघालं ३,४२६. मार्चच्या बिलाचं मूळ आयटीसी द्यायचं कारण नव्हतं, पण ते तीन महिने आधी घेतलं म्हणून ९१ दिवसांचं व्याज ५०२ आम्ही आपणहून टाकलं, वाद नको. एकूण ९,१६६, निम्मं केंद्राचं निम्मं राज्याचं.

चलन करताना मी सगळे ९,१६६ `Tax` ह्या रकान्यात भरले. DRC-03, म्हणजे आपणहून रक्कम भरायचा फॉर्म, करायला गेलो तर टॅक्स वळता होतो, व्याज होत नाही, कॅश लेजरमध्ये पैसे दिसतायत पण व्याजाच्या खात्यात शून्य. मला वाटलं आता व्याजाचे परत भरावे लागणार, बाबांना तसं सांगून पण टाकलं आणि ऐकून घेतलं. मग सरांनी PMT-09 दाखवला, त्यातून कॅश लेजरमधले पैसे एका रकान्यातून दुसऱ्यात सरकवता येतात. केंद्राच्या टॅक्समधून केंद्राच्या व्याजात १,९६४, राज्याचं तसंच. पाच मिनिटांचं काम. पण हे कळेपर्यंत संध्याकाळ गेली.

टॅक्सचा भाग क्रेडिट लेजरमधून पण भरता आला असता, व्याज मात्र कॅशनंच. आम्ही क्रेडिट राखून ठेवलं कारण ते पुढं स्टॉकला लागणार होतं. DRC-03 मध्ये वर्ष निवडताना नीट बघा, ड्रॉपडाउनमध्ये चालू वर्ष टिचकीसरशी निवडलं जातं, फाईल करण्याआधी प्रीव्ह्यूची पीडीएफ काढून वाचा.

१४ जून

सप्लायरचं पत्र आलं त्याच दिवशी ASMT-11 टाकला. पत्र दीड पानाचं, तीन मुद्दे, प्रत्येकाखाली बिल नंबर, तारीख, रक्कम आणि जोडलेला कागद कुठला ते. कायद्याची भाषा टाळली. अकरा दिवसांनी, २५ तारखेला ASMT-12 आला, खुलासा मान्य, पुढं कारवाई नाही. प्रिंट काढून फाईलला लावली.

१५-२८ जून

स्टॉक. ह्या सगळ्यात जास्त वेळ खाणारा भाग हाच.

नियम सोपा आहे: रद्द होण्याच्या आदल्या दिवशी दुकानात जेवढा माल पडून आहे त्यावर घेतलेलं आयटीसी परत करायचं, किंवा त्या मालावर आज जो टॅक्स बसेल तो, दोन्हीत जास्त असेल ते. आमचा माल जुना, आजची किंमत खरेदीपेक्षा कमीच, म्हणून आयटीसीचाच आकडा मोठा. म्हणजे ३० जूनला माल जितका कमी, तितकं कमी भरायचं. चालू माल, वायरच्या कॉइल, मॉड्युलर प्लेटा, एमसीबी, हे बाबांनी शेजारच्या गावातल्या दुकानदाराला रीतसर टॅक्स बिलानं एकगठ्ठा दिले. त्याला आयटीसी मिळालं, आमचा प्रश्न मिटला. २०१८ चे लोखंडी रॅकसुद्धा बिल करूनच विकले, पाच वर्षं उलटल्यामुळे त्यांचं आयटीसी परत करायचं नव्हतं पण विक्रीवर टॅक्स लागतोच.

उरला माळ्यावरचा माल. बाबा खाली खुर्चीत, मी शिडीवर. मी खोका खाली द्यायचा, बाबा झाकण उघडून सांगायचे. पियानो स्विच, चार पेट्या. बॅटन होल्डर. सीलिंग रोझ, हे आता कोण घेतं. जुन्या पंख्यांचे मोठे चौकोनी रेग्युलेटर, एकूण सतरा, त्यातला एक बाबांनी कानाशी धरून फिरवला, कट कट वाजला, म्हणाले चालू आहे हा, लिही. मी म्हटलं बाबा चालू-बंद नाही बघायचं, कधी घेतला ते सांगा. ते आठवायला पाच मिनिटं.

मोजणी संपली तेव्हा माल निघाला खरेदी भावानं ६१,४०० चा. त्यातल्या ५२,३०० ची बिलं सापडली. ९,१०० च्या मालाची बिलंच नाहीत, काही उंदरांनी खाल्लेली, काही कधी आलीच नसतील. आता GSTR-10 ह्या रद्द झाल्यावर भरायच्या शेवटच्या रिटर्नमध्ये बिल असलेला माल 8A मध्ये जातो आणि बिल नसलेला 8D मध्ये, आणि 8D ला बाजारभावानं किंमत धरून सीएचं सर्टिफिकेट जोडावं लागतं. सीएंनी फी सांगितली दोन हजार. ९,१०० वर टॅक्स होतो १,६३८. टॅक्सपेक्षा सर्टिफिकेट महाग!

बाबांनीच तोड काढली. नेहमीचा एक इलेक्ट्रिशियन आहे, त्याला हा बिन-बिलाचा सगळा ढीग ४,००० अधिक जीएसटी ७२० असा २७ जूनला बिल करून देऊन टाकला. माल ३० तारखेला दुकानात नाही, त्यामुळे 8D कोरा. हे जमलं ते फक्त मोजणी तारखेच्या आधी केली म्हणून. १ जुलैनंतर मोजत बसलो असतो तर ढीग तिथंच आणि सीए पण तिथंच.

३० जून

संध्याकाळी शटर ओढलं. शेवटचं बिल एका मास्तरांचं, नऊ वॅटचे दोन बल्ब.

४-१५ जुलै

एप्रिल-जूनचा विक्रीचा GSTR-1 ४ तारखेला भरला. 3B साठी थांबलो, कारण तिमाहीचं 2B, म्हणजे मिळणाऱ्या आयटीसीची यादी, चौदा तारखेला येतं आणि शेवटच्या खरेदीचं आयटीसी राहून गेलं तर ते नंतर घ्यायला रिटर्नच उरत नाही. १५ ला 3B भरला. क्रेडिट लेजरमध्ये शिल्लक ११,३७०. दुकान बंद केलं म्हणून ही शिल्लक रोख हातात देत नाहीत, स्टॉकपोटी वापरली तेवढीच आपली.

१६ जुलै

REG-16 टाकला. `Services > Registration > Application for Cancellation of Registration`. कारण, `Discontinuance of business / Closure of business`. तारीख १ जुलै. घटनेपासून तीस दिवसांच्या आत अर्ज करायचा असतो, त्यात बसलो.

मध्येच स्टॉकची किंमत आणि त्यावरचा टॅक्स भरायचे रकाने येतात. माझी बिलांची यादी अजून पक्की नव्हती म्हणून शून्य टाकून पुढं गेलो. अर्ज गेल्यावर पोर्टलवर लगेच स्टेटस सस्पेंडेड दिसायला लागलं. घाबरू नका, अर्ज केला की तसंच होतं. मात्र ह्यानंतर टॅक्स लावून एकही बिल फाडायचं नाही. २० तारखेला एका सोसायटीचा सेक्रेटरी घरी आला, मे महिन्यात साध्या पावतीवर नेलेल्या सामानाचं आता जीएसटी बिल द्या म्हणून. नाही म्हणताना बाबांना फार जड गेलं.

२४-२६ जुलै

स्पष्टीकरण मागणारी नोटीस आली, बाबांच्या फोनवर मेसेज आला म्हणून त्याच दिवशी कळलं. विचारणा अशी की स्टॉक शून्य दाखवलाय, खरंच शून्य आहे का. माझ्या आळसाचं फळ.

उत्तर सात कामाच्या दिवसांत द्यायचं असतं. दोन दिवसांत दिलं, `Application for Filing Clarifications` मधून. सरळ लिहिलं की माल ५२,३०० चा आहे आणि एक लॅपटॉप-प्रिंटर आहे, यादी जोडली आहे, त्याचं आयटीसी GSTR-10 मध्ये परत करतो, आणि ऑक्टोबर २०१८ च्या सर्क्युलर ६९/४३/२०१८ प्रमाणे ही रक्कम अर्जाच्या वेळीच वळती केली पाहिजे अशी अट नाही, शेवटच्या रिटर्नमध्ये चालते. रक्कम नंतर भरली तरी चालतं हे खरं, पण म्हणून आकडा शून्य टाकायचं कारण नव्हतं. यादी तयार ठेवून खरा आकडा टाकला असता तर ही नोटीस आलीच नसती.

८ ऑगस्ट

REG-19 आला. १ जुलैपासून रद्द, देय रक्कम शून्य. त्यातच खाली लिहिलेलं असतं की आधीची देणी तशीच राहतात, ते वाचून बाबा परत काळजीत. ASMT-12 ची प्रिंट दाखवली.

आता GSTR-10. मुदत तीन महिने, रद्द झाल्याची तारीख आणि ऑर्डरची तारीख ह्यातली जी नंतरची असेल तिथून, म्हणजे आमची ८ नोव्हेंबर. बरेच जण इथंच चुकतात, ऑर्डर आली की मिठाई वाटतात आणि हे रिटर्न राहतं. त्याला दिवसाला १०० अधिक १०० लेट फी आहे, दोन्हीकडे कमाल पाच-पाच हजार, वर नोटीस वेगळी. कंपोझिशनवाल्यांना हे रिटर्न नाही, बाकी आमच्यासारख्या नेहमीच्या रिटर्नवाल्यांना आहे, स्टॉक असो नसो.

१०-१२ सप्टेंबर

गणपतीत जमलं नाही, नंतर बसलो. `Services > Returns > Final Return`.

8A मध्ये प्रत्येक बिलाची ओळ स्वतंत्र: सप्लायरचा जीएसटी नंबर, बिल नंबर, तारीख, मालाचं वर्णन, नग, किंमत, आयटीसी. एकतीस ओळी. एका ओळीच्या मधेच बिल शोधायला उठलो, परत आलो तर पोर्टलनं बाहेर काढलेलं, हात न लावता पंधरा मिनिटं गेली की सेशन संपतं. सगळी बिलं आधी क्रमानं लावून, एक्सेलला यादी करून मगच बसा. 8A चं आयटीसी ९,४१४.

8C मध्ये लॅपटॉप आणि बिलाचा प्रिंटर. नोव्हेंबर २०२२ ला ४८,००० ला घेतलेले, आयटीसी ८,६४०. वस्तूचं आयुष्य पाच वर्षं म्हणजे साठ महिने धरतात, ३० जूनपर्यंत वापरून २८ पूर्ण महिने उरले, वरचे दिवस सोडून द्यायचे. ८,६४० ला ६० नं भागून २८ नं गुणलं, ४,०३२. हा लॅपटॉप आज पंधरा हजारांच्या वर जात नाही, त्यावर टॅक्स २,७०० झाला असता, ४,०३२ जास्त म्हणून तो धरला. मी आधी अख्खे ८,६४० टाकलेले, सरांनी प्रीव्ह्यू बघितला म्हणून वाचलो, नाहीतर साडेचार हजार उगाच गेले असते आणि हे रिटर्न दुरुस्त करता येत नाही, एकदा भरलं की भरलं.

एकूण १३,४४६. क्रेडिटमधून ११,३७० वळते केले, उरलेले २,०७६ कॅशनं, ह्यावेळी चलन भरताना रकाने दोनदा वाचले. ओटीपी बाबांच्या फोनवर, बाबा शेजारीच बसलेले. भरलं गेलं, एआरएन आला.

१८ सप्टेंबर

एक राहिलेलं. प्रोफेशन टॅक्सचं PTEC हे रजिस्ट्रेशन वेगळं असतं, जीएसटी रद्द झालं म्हणून ते आपोआप रद्द होत नाही, राज्याच्या `mahagst.gov.in` वर त्याचा वेगळा अर्ज करावा लागतो, नाहीतर वर्षाला अडीच हजारांची मागणी चालू राहते. अर्ज करताना कळलं की ६५ वर्षांवरच्यांना हा टॅक्स माफच आहे. बाबा सात वर्षं भरत होते. ह्यावर घरात काय बोलणं झालं ते इथं लिहीत नाही.

खर्च: नोटीशीपोटी ९,१६६, शेवटच्या रिटर्नला कॅश २,०७६, सरांची फी सगळी मिळून ४,०००, पुणे-गाव सात फेऱ्या.

२१ सप्टेंबर

बँकेत करंट अकाउंट बंद करायचा फॉर्म दिला. बिलांच्या फायली टाकून द्यायच्या नाहीत, वार्षिक रिटर्नच्या मुदतीपासून ७२ महिने ठेवायच्या असतात. ह्या वर्षीचे तीन महिने २०२५-२६ मध्ये मोडतात, त्याची मुदत ३१ डिसेंबर २०२६, म्हणजे त्या फायली २०३२ संपेपर्यंत. पियानो स्विचचे रिकामे खोके होतेच, त्यात वर्षवार भरल्या, मार्करनं वर तारीख टाकली आणि परत त्याच माळ्यावर, घराच्या बाजूला. सतरा रेग्युलेटर स्टॉकच्या यादीत होते, टॅक्स भरून झालाय, आता ते बाबांचे. एक त्यांनी हॉलमधल्या पंख्याला लावून घेतलाय.